अनौपचारिक हस्तांतरण

दीपेशने फाईल उघडली, मधलं एक पान अंगठ्याने दाबून धरलं आणि म्हणाला, "मॅडम, बांधकाम तुमचं झालंय. पण तुम्ही कोण?"

प्राधिकरणाच्या भूखंड विभागात दीपेश आठ वर्षं होता आणि मला नावाने ओळखत होता. त्यामुळे मला वाटलं, तो गंमत करतोय.

"भावना मढवी. अचूक रिएजंट्स."

"ते माहितीये हो. फाईलमध्ये कोण?" त्याने पान माझ्याकडे वळवलं. "प्लॉट दिलाय आशालता घरत यांना. एकट्या मालक. आणि तुम्ही लाईट बिलासोबत जो जीएसटीचा दाखला जोडलाय, त्यावर आहे भागीदारी संस्था. हा बदल कधी झाला?"

"एकवीस साली."

"परवानगी?"

"कसली?"

दीपेशने पेनाचं टोपण लावलं. समोरचा माणूस बराच वेळ बसणार आहे हे कळलं की तो असं करत असे.

बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही डिसेंबरात अर्ज केला होता. आर्किटेक्टचं पत्र, ड्रेनेजचा दाखला, अग्निशमनचं ना-हरकत, झाडांचे फोटो, सगळं मी स्वतः क्रमाने लावलं होतं. मुदत एकतीस मार्चपर्यंत. याआधी दोनदा ती वाढवून घेतली होती, दोन्ही वेळा जादा अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून, आणि तिसऱ्यांदा वाढ मिळणार नाही हे पत्रातच लिहिलेलं होतं. दाखला मिळाला नाही तर प्राधिकरण प्लॉटचा ताबा परत घेऊ शकत होतं. आज चौदा जानेवारी होती.

"एकवीस साली घरत मॅडमनी मला भागीदार केलं," मी म्हणाले. "विक्री नाही झाली. मॅडम आहेतच."

"विक्री नाही म्हणून हस्तांतरण नाही, असं नसतं. मालकी एकीची होती, दोघींची झाली. आमच्या लेखी ते हस्तांतरण. करारातलं कलम वाचलं असेल तुम्ही."

वाचलं होतं. पूर्वसंमतीशिवाय हस्तांतरण करता येणार नाही. त्यातला हस्तांतरण हा शब्द मी 'दुसऱ्याला विकणं' असा वाचला होता. अधिमूल्य एकरकमी भरलं होतं, भाडेपट्टा पंच्याण्णव वर्षांचा होता, आणि आम्ही सगळेच त्याला 'घेतलेला प्लॉट' म्हणत होतो. रसायनाच्या बाटलीवरचं लेबल इतक्या ढिलाईने मी कधी वाचलं नसतं.

"पण घाबरू नका," दीपेश म्हणाला. "मूळ धारकाचा हिस्सा एक्कावन्न टक्के किंवा जास्त असेल, तर ते औपचारिक हस्तांतरण. किरकोळ फी. मागाहून नियमित करता येतं, थोडा दंड. मॅडमचे एक्कावन्न आहेत ना?"

मी भागीदारीचा दस्त काढला. दीपेशने तिसरं कलम वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"पन्नास-पन्नास," तो म्हणाला. "कोणी सांगितलं असं करायला?"

कोणी सांगितलं नव्हतं. ते वर्ष मला नीट आठवतं. मॅडम कॉलेजात मला रसायनशास्त्र शिकवत असत. लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी पळस्पे फाट्याजवळ एका भाड्याच्या गाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी द्रावणं बनवायला सुरुवात केली आणि मला बोलावलं. बारा वर्षं मी तिथे पगारावर होते. मग कोविडात कॉलेजं बंद झाली, मागणी थांबली, प्लॉटवर जोत्यापर्यंत येऊन काम अडकलं. मी माझा फंड काढून बांधकामात घातला. तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता भागीदारी. सीएने विचारलं, "एक्कावन्न-एकोणपन्नास ठेवू? सगळे तसंच ठेवतात." मॅडम म्हणाल्या, "का? एक टक्का मी काय जास्त केलंय? मी तिची सासू नाही. अर्धं-अर्धं लिहा." आम्ही तिघंही हसलो होतो. मला तो एक टक्का न घेणं फार सुंदर वाटलं होतं.

"मग हे काय होतं?" मी दीपेशला विचारलं.

"अनौपचारिक."

मराठीत अनौपचारिक म्हणजे घरगुती, सलगीचं. प्राधिकरणाच्या भाषेत सगळ्यात महाग प्रकाराचं नाव ते होतं. प्लॉटच्या आजच्या किमतीवर शुल्क भरायचं, बांधकाम पूर्ण झालेल्या प्लॉटला दहा टक्क्यांनी आणि पूर्ण न झालेल्याला तीस टक्क्यांनी. विमानतळामुळे इथले दर आम्ही प्लॉट घेतला त्याच्या तिपटीहून वर गेले होते. तीस टक्के म्हणजे जुन्या भावाने पूर्ण प्लॉट पुन्हा एकदा विकत घेण्याएवढे. मी तिथेच मोबाईलवर गुणाकार केला. दोनदा केला.

"पण बांधकाम पूर्ण आहे, तुम्हीच म्हणालात. मग दहा टक्के."

"दाखला मिळाला की पूर्ण."

"मग दाखला द्या."

"हस्तांतरणाची परवानगी जोडलीत की देतो."

"परवानगी मागितली तर तीस टक्के पडतात, कारण दाखला नाही."

"बरोबर."

"आणि दाखला मिळत नाही, कारण परवानगी नाही."

"तुम्ही सायन्सवाल्या ना," दीपेश म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. "लगेच कळलं तुम्हाला. काल एका गृहस्थाला तासभर समजावत होतो."

*

पुढचे पंधरा दिवस मी त्या कार्यालयात अकरा वेळा गेले. प्रत्येक वेळी गाळ्यातलं काम गुणाबाईवर टाकून. गुणाबाई बाटल्या धुते, लेबलं चिकटवते, आणि कामात मन नसलं की बोलते.

"परत चाललाव? तो दीपेश काय तुमचा जावई हाय काय?"

"कागद राहिलाय एक."

"कागद कदी सपत नाय. आमच्या सुनेचा रेशनकार्ड तीन वरीस झाला. माणूस मरल, कागद नाय मरनार."

सहायक अधिकाऱ्यांनी सांगितलं, वरच्या कार्यालयात विचारा. वरच्या कार्यालयाने सांगितलं, स्थानिक कार्यालयाचा अभिप्राय आणा. सीए म्हणाला, दुरुस्ती दस्त करू, एक्कावन्न-एकोणपन्नास. दीपेश म्हणाला, दुरुस्ती आजच्या तारखेची होईल, चार वर्षं पन्नास-पन्नास होतं ते पुसलं जाणार नाही. आणि हे सगळं तपासायला जी टिप्पणी वर जाईल ती मार्चनंतर खाली येईल. त्याने हे दार लोटून घेऊन सांगितलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"एक रस्ता आहे. भागीदारी मोडा."

"म्हणजे?"

"विसर्जनाचा दस्त करा. मॅडम पुन्हा एकट्या मालक. मालकी पूर्ववत झाली, दंड भरला, हमीपत्र दिलं, की हस्तांतरणाचा प्रश्नच उरत नाही. असं आम्ही याआधी केलंय, नियमात बसतं. दाखला मॅडमच्या नावाने निघेल. मग अंतिम भाडेपट्टा नोंदवा. मग रीतसर अर्ज करा, तुम्हाला भागीदार घ्यायचं म्हणून. एक्कावन्न-एकोणपन्नास. औपचारिक. महिन्याभरात परवानगी."

"आणि तोपर्यंत मी कोण?"

"तोपर्यंत तुम्ही कोणी नाही," दीपेश म्हणाला. मग त्याला ते ऐकायला बरं वाटलं नसावं. "कागदावर हो."

मी घरी येऊन एका पानावर तारखा लिहिल्या. विसर्जन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. दाखला मार्चमध्ये. भाडेपट्टा एप्रिलमध्ये. त्यानंतर अर्ज. साधारण तीन महिने. त्या तीन महिन्यांत सगळं मॅडमच्या नावावर, बांधकामासकट. मॅडम सदुसष्ट वर्षांच्या होत्या, दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. मधे काही झालं तर प्लॉट वारसाकडे जाणार, त्यांच्या मुलाकडे, परेशकडे. ते हस्तांतरणही औपचारिक. पुण्यात राहणारा परेश मला भावनाताई म्हणतो आणि दर दिवाळीला विचारतो, "अजून विकला नाही का तो प्लॉट?"

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला.

"लेखी देते मी तुला. अर्धं तुझं आहे म्हणून."

"ते लेखीच तर चालत नाही, मॅडम. तुमच्या हमीपत्रात लिहायचंय की प्लॉटमध्ये इतर कोणाचाही हितसंबंध नाही. शपथेवर."

"म्हणजे खोटी शपथ घ्यायची."

"दस्त मोडला की खोटी राहत नाही. मग खरंच माझा काही संबंध नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "त्या सीएचं ऐकायला हवं होतं. मला उगाच मोठेपणा."

तीन फेब्रुवारीला मी सही केली. सीएच्या कार्यालयात, एका बाजूला एसी चालू आणि दुसऱ्या बाजूला खिडकी उघडी. दस्तात लिहिलं होतं की भावना मढवी यांना त्यांचा संपूर्ण हिशेब मिळाला असून संस्थेच्या मालमत्तेवर त्यांचा कोणताही हक्क राहिलेला नाही. मला काहीच मिळालं नव्हतं. मी स्पेलिंग तपासलं आणि सही केली.

*

पाहणीला प्रितम नावाचे तरुण अभियंते आले, फेब्रुवारीच्या शेवटी. ते नीट काम करणारे होते. एरवी भेटले असते तर मला ते आवडले असते. त्यांनी चारही बाजूंची मोकळी जागा टेपने मोजली, पावसाच्या पाण्याचा खड्डा उघडून बघितला, झाडं मोजली. अर्जात आठ लिहिली होती, तिथे सात उभी होती. आठवं कुंपणाच्या कोपऱ्यात होतं, गुडघ्याएवढं. गुणाबाईने पुढे होऊन त्याच्याभोवतीचं गवत उपटलं.

"हाय ना साहेब, जिवंत हाय. पोरासारखा आंघोळ घालतंय मी."

प्रितम हसले आणि आठ लिहिलं. मग इमारतीत आले. बांधीव क्षेत्र किमान अटीपेक्षा जास्त आहे, हे मी त्यांना आराखड्यावर दाखवलं. कोणती भिंत कुठून कुठे, धुराड्याची जागा मंजूर नकाशात कुठे आहे, आम्ल ठेवायच्या खोलीला स्वतंत्र निचरा का दिलाय. ती इमारत मला पाठ होती. तिची प्रत्येक खिडकी मी ठरवली होती.

"तुम्हाला बरीच माहिती आहे," ते वही बंद करत म्हणाले. "पाहणी अहवालात उपस्थितांची नावं लागतात. घरत मॅडम मालक. आणि तुम्ही?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम आम्लाच्या खोलीकडे बघत होत्या.

"केमिस्ट," मी म्हणाले. "नोकरीला आहे."

"नोकरीला," त्यांनी लिहिलं.

मॅडम काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर अर्ज अडकला असता, हे मला माहीत होतं. तरी त्या काही बोलल्या नाहीत, हे पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. परत येताना पळस्प्याला कंटेनरांची रांग लागली होती, न्हावा शेव्याकडून आलेली, आणि आमची रिक्षा पाऊण तास त्यांच्यामध्ये उभी होती. गुणाबाई ड्रायव्हरशी गप्पा मारत होती. आम्ही दोघी दोन बाजूंना बघत होतो.

त्याच आठवड्यात नवीन जीएसटी क्रमांक आला, कारण मॅडमचा पॅन वेगळा. सगळ्या कॉलेजांना पत्रं पाठवायची, बिलबुकं नवी. पत्राखाली पूर्वी आम्ही दोघींची नावं लिहायचो. मी टाईप करताना थांबले, आणि एकच नाव ठेवलं.

*

चार मार्चला सकाळी मॅडमनी फोन उचलला नाही. साडेनऊला केला, पावणेदहाला केला, दहाला तीनदा केला. शेजारी राहणाऱ्या रियाचा नंबर माझ्याकडे होता, तीही उचलेना. मी भट्टीचा गॅस बंद केला, गुणाबाईला "आलेच" म्हणाले आणि स्कूटर काढली. नवीन पनवेलपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहिते, कारण लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला आधी वाटलं, दाखला अजून निघाला नाही. मग वाटलं, वारसाची नोंद लावायला परेशला किती दिवस लागतील. मॅडम एकट्या जमिनीवर पडल्या असतील, त्यांना काही दुखत असेल, हे तिसऱ्या क्रमांकावर आलं. सिग्नलला थांबल्यावर मला तो क्रम दिसला.

दार मॅडमनीच उघडलं. हाताला पीठ.

"फोन का उचलत नाही?"

"चार्जिंगला आहे, आत. का, काय झालं? पूर्णत्वाचं काही?"

"नाही. काही नाही." मला जिना चढून आल्यासारखा दम लागला होता. लिफ्ट होती. "गोळ्या घेतल्या का सकाळच्या?"

"घेतल्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आत ये, पाणी पी."

मी पाणी प्यायले आणि त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं. एकशे चौतीस, ब्याऐंशी. त्यानंतर रोज सकाळी फोन केला. गोळ्या घेतल्या का? जेवण झालं का? चालायला गेलात का? आवाज चांगला असला की मी दिनदर्शिकेवर त्या दिवसावर काट मारायचे.

दाखला वीस मार्चला निघाला. दीपेशने स्वतः फोन केला. "अभिनंदन, मॅडम," तो म्हणाला. मी विचारलं, "कुणाचं?" तो म्हणाला, "असं काय करता?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे अंतिम भाडेपट्टा नोंदवला. मॅडमचा फोटो, मॅडमचा अंगठा. साक्षीदार म्हणून माझी सही चालली असती, पण मी दुसऱ्या कोणाला तरी पुढे केलं. त्या संध्याकाळी परेशचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर ठेवला, मुद्दाम की सवयीने, मला कळलं नाही.

"आई, आता क्लिअर झालं ना सगळं? मग आता घाई करू नकोस. आता त्याला खरी किंमत आहे."

"भावना इथेच बसलीय," मॅडम म्हणाल्या.

"हो का? भावनाताई, तुमच्याविरुद्ध काही नाही हं. मी फक्त म्हणतोय, नीट विचार करून."

"विचार झालाय," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण अर्ज त्या दिवशी भरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, पाय दुखतोय. मी कोरा अर्ज पिशवीत घालून फिरत होते आणि त्यांना एका शब्दाने विचारत नव्हते. गोळ्यांचं मात्र रोज विचारत होते.

बावीस एप्रिलला त्यांनीच फोन केला, "चल, देऊन टाकू."

दीपेशच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. मॅडमनी अर्ज स्वतः भरायला घेतला. भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ, दाखल्याची तारीख, भाडेपट्ट्याचा नोंदणी क्रमांक. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं होतं. 'प्रस्तावित हिस्सा' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"एक्कावन्न," दीपेश म्हणाला. "इथे तुमचे, खाली ताईंचे एकोणपन्नास. पन्नास लिहिलंत तर पुन्हा अनौपचारिक. दहा टक्के."

"दहा टक्के आपल्याला झेपतील का गं?" मॅडमनी मला विचारलं.

"नाही. यंत्रं घ्यायचीत अजून."

"नाही ना."

त्यांनी लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं आणि दीपेशला म्हणाल्या, "दोन मिनिटं बाहेर जाऊन येतो." दीपेशने टोपण लावलं.

बाहेर व्हरांड्यात पाण्याचा कूलर होता. त्याच्याजवळ उभ्या राहून मॅडम म्हणाल्या, "एक विचारते. सोळा वर्षं तू माझ्यासोबत आहेस. अँजिओप्लास्टी झाली तेव्हा दवाखान्यात रात्रभर बसलीस. पण रोज फोन करून गोळ्या कधी विचारल्या नव्हत्यास. मार्चपासून विचारतेयस. सात आठवडे."

मी कूलरचा ठिबकणारा नळ घट्ट केला.

"मी मोजत होते," त्या म्हणाल्या. "तू दिनदर्शिकेवर काट मारतेस, ते गुणाबाईने सांगितलं. मी दाखल्याआधी मेले असते तर..."

"मॅडम."

"नाही, सांग. तुला कशाची भीती होती? माझी की प्लॉटची?"

मिश्रण वेगळं करायच्या सगळ्या पद्धती मला त्यांनीच शिकवल्या होत्या. मी प्रयत्न केला. पंचवीस मिनिटांची स्कूटर पुन्हा चालवली, तो क्रम पुन्हा मांडला.

"आधी प्लॉटची," मी म्हणाले. "नंतर तुमची. नंतर स्वतःची लाज."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"आणि पाहणीच्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात," मी म्हणाले, "तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?"

आत कोणीतरी शिक्का मारत होतं, एकामागून एक.

"बरं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "थोडंसं. आपलं एकटीचं आहे असं. नंतर अर्ज भरायच्या वेळी पाय दुखला, तोही त्यातलाच."

आम्ही आत गेलो. दीपेशने पेन पुढे केलं. मॅडमनी ते माझ्याकडे सरकवलं आणि मी दोन्ही रकाने भरले, वर एक्कावन्न, खाली एकोणपन्नास. मॅडमनी सही केली, मग मी. दीपेशने पावती फाडली.

"औपचारिक," तो म्हणाला. "आता काही प्रश्न नाही."

रिक्षात बसताना मॅडमनी हात आधारासाठी पुढे केला. मी तो धरला, आणि त्यांनी सकाळच्या गोळ्या घेतल्या आहेत का, ते विचारलं नाही.